‘फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका’: म्हणजे फ्रीजमध्ये नेमकं कुठे?

कवडसा
मंडळी, प्रश्न जरा लांबड लावून विचारते, सांभाळून घ्या.

बाबा इन्सुलिनचं पेन वापरतात. लांब पल्ल्याचं, दिवसातून एकदा घ्यायचं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं. पाच पेनांचा खोका येतो. चालू पेन बाहेर असतं आणि उरलेली चार खोक्यातच फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. गेल्या आठवड्यात मी फ्रीज आवरला आणि तो खोका आत, पार मागे सरकवला. गुरुवारी नवीन पेन काढायला गेले तर खोका मागच्या भिंतीला चिकटलेला. ओढून काढला तेव्हा पुठ्ठ्याची एक बाजू ओलसर, कडक, तिच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा. भिंतीकडच्या दोन पेनांपैकी एकाच्या काचेत मला बारीक सुयांसारखं काहीतरी दिसलं, किंवा भास झाला. अर्ध्या तासाने टेबलावर पाहिलं तर सगळं पुन्हा स्वच्छ. त्यामुळे तेच पेन सुरू केलं.

आज रविवार. बाबांची सकाळची साखर एरवी १४०-१५० असते, ती शुक्रवारी २१० आणि काल २३५.

खोक्यावर तीन चित्रं आहेत. एक थर्मामीटर, खाली २ आणि वर ८. एक बर्फाचं फूल, त्यावर काट. आणि एक सूर्य. शेजारी अक्षरांत ‘फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका, प्रकाशापासून जपा’. गोठवू नका हे कळलं. गोठलंच तर काय करायचं ते खोक्यावर कुठे दिसत नाही. आणि उरलेल्या पेनांचं काय करू?

झोपाळू
आमच्याकडे त्या थर्मामीटरच्या चित्राचा अर्थ ‘ताप आल्यावर घ्या’ असा लावला गेला होता. लावणाऱ्याचं नाव सांगत नाही, घरात राहायचंय.

टेकडीवरचा
स्वच्छ दिसतंय ना? मग काही झालेलं नाही. इन्सुलिन खराब झालं की गढूळ होतं, गुठळ्या दिसतात. आमच्या आईचं दुधाळ इन्सुलिन होतं, ते एकदा गोठलं तेव्हा तळाला दाणे दिसले आणि आम्ही फेकलं. तुमचं स्वच्छ आहे तर बिनधास्त वापरा. साखर दोन दिवस वर जायला इतर पन्नास कारणं असतात.

गोळीबार
थांबा, थांबा. कवडसाताई, आधी ते पेन बाजूला ठेवा. आजच्या डोससाठी न गोठलेलं नवीन पेन मिळवा आणि दोन दिवसांची साखर डॉक्टरांना कळवा. बाकीची चर्चा नंतर. (रुग्णालयाच्या औषध विभागात बरीच वर्षं आहे, म्हणून हा आगाऊपणा.)

आता टेकडीवरचा यांच्या मुद्द्याकडे. दुधाळ इन्सुलिनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यात औषधाचे बारीक स्फटिक मुद्दाम तरंगत ठेवलेले असतात, गोठल्यावर ते एकमेकांना चिकटतात आणि हलवलं तरी सुटत नाहीत. म्हणून डोळ्यांना दिसतं. पण स्वच्छ इन्सुलिन पूर्ण विरघळलेलं असतं. तिथे बिघाड व्हायला डोळ्यांना दिसेलसं काही घडावंच लागत नाही.

गोठताना होतं असं की बर्फ फक्त पाण्याचा बनतो. इन्सुलिन, क्षार, जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं द्रव्य, हे सगळं उरलेल्या थोड्याशा पाण्यात ढकललं जातं. प्रथिनाचे रेणू दाटीवाटीने एकमेकांना भिडतात, शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावर त्यांची घडी उलगडते. वितळल्यावर पाणी परत येतं, पण उलगडलेले आणि चिकटलेले रेणू सगळेच्या सगळे पूर्ववत होतील असं नाही. काही वेळा बारीक धागे दिसतात. काही वेळा काहीच दिसत नाही आणि नेमकी किती ताकद गेली हे घरी कळायचा मार्ग नसतो. दुसरी गोष्ट काचेची. पाणी गोठताना फुगतं, नळीला केसाएवढी चीर जाऊ शकते किंवा आतला रबराचा दट्ट्या सरकू शकतो. मग हवा शिरते आणि दहा युनिट फिरवून दहा जातीलच याचा भरवसा राहत नाही.

म्हणून माहितीपत्रकात वाक्य असतं: गोठलं असेल तर टाकून द्या, वितळल्यावरही वापरू नका. खोक्यावर तेवढी जागा नसते. ती घडी घातलेली लांबच लांब चिठ्ठी जपून ठेवा.

कवडसा
चिठ्ठी खोका उघडला त्याच दिवशी टाकली. 🤦‍♀️ पेन बाजूला ठेवलंय, नवीन आणायला भावाला पाठवलंय. डॉक्टरांना फोन झाला, त्यांनीही तेच सांगितलं.

मीनाक्षी_ज
काळजी घ्या बाबांची.

माझा प्रश्न जरा वेगळा. माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘थंड जागी ठेवा’ असं आहे. मी त्या फ्रीजरच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवते, जितकं थंड तितकं चांगलं म्हणून. हे चूक का?

अर्धवट_शहाणा
थंड जागा म्हणजेच फ्रीज. दोन्ही वाक्यं एकाच अर्थाची, एक जुन्या वळणाचं आणि एक नव्या. आणि औषध जितकं थंड तितकं जास्त टिकतं, रसायनशास्त्राचा साधा नियम आहे.

गोळीबार
नियम खरा आहे, म्हणून तर फ्रीज आला. पण तो नियम पाणी गोठण्याच्या अलीकडेपर्यंतच कामाचा. पलीकडे वर लिहिलेली भानगड सुरू होते.

आणि ती दोन वाक्यं एक नाहीत. अमेरिकेच्या औषधसंहितेत फ्रीज म्हणजे २ ते ८ अंश, ‘कूल’ म्हणजे ८ ते १५. मराठीत दोन्हीला आपण ‘थंड’ म्हणून मोकळे होतो. ‘२५ अंशांपेक्षा वर ठेवू नका’ हे तिसरंच. त्याचा अर्थ फ्रीजमध्ये कोंबा असा नाही, कोरड्या सावलीच्या कपाटात ठेवा इतकाच. काही औषधांना फ्रीज चालतच नाही. मेट्रोनिडाझोलचं सलाइनसारखं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवलं तर त्यात स्फटिक पडतात. गोळ्यांचं म्हणाल तर त्या गोठून मरत नाहीत, पण थंडगार पाकीट बाहेर काढून उघडलं की हवेतला ओलावा तिच्यावर धरतो. मीनाक्षीताई, पाकिटावर आकडा असेल तर तो बघा. नसेल तर विचारून घ्या, ट्रे मात्र सोडा.

सुई_दोरा
बर्फाच्या फुलावर काट, हे चित्र मी ‘एसीत ठेवू नका’ असं समजत होते. आणि छत्रीवर थेंब पडतायत ते चित्र? पावसाळ्यात घेऊ नका?? 😄

झोपाळू
छत्री घेऊन जा, औषध मिळेल.

गोळीबार
छत्री म्हणजे कोरडं ठेवा. ही चित्रं ठरवून दिलेली आहेत, वैद्यकीय उपकरणांसाठी त्यांचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. थर्मामीटरच्या चित्रात खालच्या रेषेपाशी लिहिलेला आकडा ही खालची मर्यादा, वरच्या रेषेपाशी लिहिलेला ही वरची. कधी एकच रेषा असते. फक्त वरची रेषा असेल तर वर जाऊ देऊ नका, खाली किती ते सांगितलेलं नाही. कवडसाताईंच्या खोक्यावर दोन्ही आहेत, म्हणजे २ च्या खाली जाणं हेही ८ च्या वर जाण्याइतकंच नियमाबाहेर. लोक फक्त वरचा आकडा वाचतात.

शीतगृह
उशिरा आलो, पण हा माझ्या आवडीचा विषय. लस साठवणुकीत अख्खी नोकरी गेली, आता निवृत्त.

गोळीबार यांचं शेवटचं वाक्य सोन्यानं मढवा. आम्हालाही सुरुवातीला सगळे उन्हाचीच भीती घालायचे. लस तापेल, बर्फ जास्त घाला. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचे क्षार घातलेल्या लसी, म्हणजे धनुर्वाताची, कावीळ ब ची, या उन्हापेक्षा बर्फाला घाबरतात. कावीळ ब ची लस साधारण उणे अर्ध्या अंशाला गोठते. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट खोक्याला टेकवला की झालंच. म्हणून पॅक बाहेर काढून ठेवायचे आणि कानाशी हलवून बघायचे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत. आवाज आला म्हणजे बर्फ शून्याला आलाय, उणे वीसला नाही. प्रवासात इन्सुलिन नेणाऱ्यांनाही हे लागू.

आणि गोठली होती की नाही हे ओळखायची आमच्याकडे एक युक्ती होती. हलवून बघायची परीक्षा. त्याच कंपनीची, त्याच खेपेची एक कुपी मुद्दाम रात्रभर फ्रीजरमध्ये घालून दगड करायची, मग वितळवायची. ही झाली मापाची कुपी, तिच्यावर आधीच खूण करायची, नाहीतर चुकून टोचली जाईल. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून हलवायच्या आणि उजेडासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेलीत गुठळ्या झालेल्या असतात, त्या भराभर खाली बसतात आणि पाच-दहा मिनिटांत वर स्वच्छ पाण्याचा थर दिसायला लागतो. न गोठलेली तेवढ्या वेळात दुधाळच राहते. संशयित कुपी मापाच्या कुपीच्या वेगाने बसली, तर बाद.

टेकडीवरचा
मग हेच इन्सुलिनला करा की! एक पेन मुद्दाम गोठवा आणि तुलना करा. खोका बघत बसण्यापेक्षा बरं.

शीतगृह
स्वच्छ इन्सुलिनला नाही चालायचं साहेब. तळाला बसायला त्यात काही असायला हवं ना. दोन्ही पेनं स्वच्छच दिसतील आणि तुम्ही समाधानाने चुकीचं उत्तर घेऊन उठाल. ही परीक्षा फक्त ॲल्युमिनियमवर चिकटवलेल्या लसींची. त्यातही मापाची कुपी दुसऱ्या खेपेची घेतली तर निकाल ग्राह्य नाही.

अर्धवट_शहाणा
पण लसीच्या कुपीवर तो चौकोन असतो ना, गोलाच्या आत. त्याचा रंग बघितला की सगळं कळतं. एवढी हलवाहलवी कशाला?

शीतगृह
तो चौकोन फक्त उष्णता लक्षात ठेवतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर ठीक, गोलाइतका किंवा जास्त गडद झाला की बाद. गोठण्याची त्याला खबरच नसते. फ्रीजरमध्ये पडलेल्या कुपीचा चौकोन छान पांढराशुभ्र राहतो, कारण थंडीत तो बदलतच नाही. मी असा चौकोन दाखवून वाद घालणारी माणसं पाहिली आहेत. 🙂 गोठण्यासाठी वेगळं यंत्र असतं, ते तासभर उणे अर्ध्या अंशाखाली राहिलं की काट दाखवतं.

सुई_दोरा
म्हणजे उष्णतेला एक चाडी सांगणारा, थंडीला दुसरा, आणि घरातल्या पेनाला कुणीच नाही.

पानगळ
सूर्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्याकडे एका इंजेक्शनच्या कुपी आहेत, ‘प्रकाशापासून जपण्यासाठी मूळ खोक्यात ठेवा’ असं आहे. मी जागा वाचवायला सगळे खोके फेकले आणि कुपी एका पारदर्शक डब्यात लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. फ्रीज बंद असला की आत अंधारच ना? मग खोका कशाला?

गोळीबार
घरच्या फ्रीजमध्ये दार लावल्यावर अंधार असतो, हे बरोबर. त्यामुळे तुमचं मोठं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही. पण कुपी फ्रीजमध्येच आयुष्य काढत नाही. ती बाहेर येते, टेबलावर राहते, तिथे ट्यूबलाइट असते, खिडकी असते. काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये तर दिवसभर उजेड.

‘मूळ खोक्यात ठेवा’ हे वाक्य असतं तेव्हा बहुतेक वेळा खोका हाच प्रकाशाचा अडसर असतो. औषध प्रकाशाला नाजूक आहे का हे तपासताना उत्पादक ते आधी उघडं, मग कुपीत, मग खोक्यासकट प्रकाशाखाली ठेवून बघतात. खोक्यात टिकलं, नुसत्या कुपीत टिकलं नाही, तर हे वाक्य छापलं जातं. कुपीतच टिकलं तर लागत नाही. तपकिरी काच निळा आणि अतिनील प्रकाश बराच अडवते, म्हणून काही कुप्या खोक्याविनाही निभावतात. सगळ्या नाही. सगळ्यात नाजूक म्हणाल तर रक्तदाब झटकन उतरवायचं नायट्रोप्रुसाइड. ते शिरेतून चालू असतानाही बाटलीला फॉइल गुंडाळतात, रंग बदलला तर तिथेच थांबवतात.

एक बारीक फरक. सूर्याचं चित्र म्हणजे काटेकोरपणे ‘सूर्यप्रकाशापासून दूर’. ‘प्रकाशापासून जपा’ त्याहून कडक, त्यात ट्यूबलाइटही आली. दोन्ही छापलेलं असेल तर अक्षरांवर चाला.

आणि खोका फेकला की आणखी एक गोष्ट जाते: मुदत, खेप क्रमांक आणि तीच ती चित्रं.

पानगळ
हम्म. खोके गेले. आता फॉइलचं आवरण करते. धन्यवाद.

मीनाक्षी_ज
गोळीबार, माझ्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर २-८ आहे आणि डॉक्टर म्हणाले उघडल्यावर बाहेर ठेवलं तरी चालेल. दोघांपैकी कोण खरं?

गोळीबार
दोघंही. काचबिंदूच्या लॅटानोप्रोस्टच्या थेंबांचं तसंच असतं: न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर, पण ठरावीक आठवडेच. खोक्यावरचा थर्मामीटर बहुधा न उघडलेल्या मालाबद्दल बोलतो. इन्सुलिन पेनाचंही तेच. चालू पेन बाहेर, बऱ्याच प्रकारांना २८ दिवस, काहींना ४२ किंवा ५६. तुमचा नेमका आकडा तुमच्या चिठ्ठीत. उघडल्याची तारीख पेनावर लिहायची सवय लावा, मी चिकटपट्टी लावून लिहायला सांगतो.

टेकडीवरचा
माझ्यावरचा मूळ आरोप मी मान्य करतो, स्वच्छ म्हणजे चांगलं हे माझं चुकलं. पण एक शंका उरतेच. कवडसाताईंच्या खोक्यात भिंतीकडची दोन पेनं गोठली असतील. पुढची दोन? त्यांच्यावर बर्फ नव्हता. तीही टाकायची? महागडी गोष्ट आहे.

गोळीबार
खरी अडचण इथेच आहे आणि मी छातीठोक सांगू शकत नाही. शरीराच्या द्रवाशी जुळवून बनवलेली अशी द्रावणं उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठतात. पण पाणी लबाड असतं. ते उणे दोन-तीनपर्यंत न गोठताही जाऊ शकतं, मग एक धक्का लागला की एकदम सुया. म्हणजे पुढच्या पेनात बर्फ दिसला नाही यावरून ते शून्याखाली गेलं नाही असं म्हणता येत नाही, आणि शून्याखाली गेलं यावरून गोठलं असंही नाही. तापमानाची नोंद असती तर बोलता आलं असतं.

निदान पुढच्यासाठी तरी मोजा. तार लावलेला, कमाल आणि किमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या. तार हवेत लोंबकळती ठेवू नका, दार उघडलं की हवेचा आकडा उड्या मारतो. छोट्या बाटलीत निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरीन घाला, म्हणजे ते गोठणार नाही, आणि तार त्यात बुडवा. पेनातला द्रव साधारण तसाच सावकाश थंड होतो. एकेका जागी एक दिवस ठेवा.

झोपाळू
फ्रीजला ताप आहे का बघायला थर्मामीटर. म्हणजे आमच्या घरचा अर्थ अगदीच चूक नव्हता.

कवडसा
चार दिवसांनी परत आले. मोजलं. प्रत्येक जागी चोवीस तास, गोळीबार यांनी सांगितलं तशी बाटली.

मागची भिंत, जिथे खोका चिकटला होता: किमान उणे २.६, कमाल ३.१.
मधला कप्पा, भिंतीपासून वीतभर पुढे: ३.४ ते ६.२.
दार: ५.१ ते ११.३.

तिन्ही आकडे एकाच फ्रीजचे! त्याच्या तोंडावरची काच मला सगळीकडे ‘४’ दाखवते. आणि गंमत म्हणजे डायल मीच महिन्याभरापूर्वी सगळ्यात थंड करून ठेवला होता आणि विसरले होते.

आता खोका मधल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या उघड्या डब्यात, भिंतीपासून लांब. डायल मध्यावर आणलाय, परत मोजतेय.

शीतगृह
नमुनेदार आकडे. मागच्या भिंतीत थंड करणारी नळी असते किंवा फ्रीजरची हवा येणारी जाळी असते. कॉम्प्रेसर चालू झाला की ती जागा शून्याखाली जाते आणि बंद झाला की वर येते. म्हणून किमान उणे आणि कमाल ३. सरासरी काढलीत तर शून्याच्या आसपास येईल आणि तुम्ही म्हणाल फार काही नाही. पण इन्सुलिन सरासरीला गोठत नाही, किमानाला गोठतं. दार उलट: दर वेळी उघडताना तेच आधी तापतं. लोक पेनं नेमकी दारात ठेवतात कारण तिथे उभी राहतात.

अर्धवट_शहाणा
म्हणजे मी म्हणालो तेच, फ्रीज हा शब्द फसवा आहे.

सुई_दोरा
तुम्ही असं कधी म्हणालात? 😄

कवडसा
आणि त्या पुढच्या दोन पेनांचं. खोक्यावरच्या मदत क्रमांकावर फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तापमानाची नोंद नसेल तर आम्ही वापरा असं सांगू शकत नाही. टाका असंही स्पष्ट म्हणाल्या नाहीत. मी चारही बाजूला ठेवली आहेत, नव्या खोक्यातलं एक सुरू केलं. नवीन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळची साखर १५२.

टेकडीवरचा
घ्या, सिद्ध झालं! गोठलेलं पेनच कारण.

गोळीबार
बहुधा. पण ‘सिद्ध’ म्हणायला मी धजणार नाही. ताई, साखर कशी मोजता, घरच्या यंत्रावर? त्याच्या पट्ट्या कुठे असतात?

कवडसा
फ्रीजच्या दारात. 😶 औषधाचं सगळं एकत्र असावं म्हणून.

गोळीबार
पट्ट्यांच्या डबीवर थर्मामीटर असेल, आकडे बघून सांगाल?

कवडसा
खाली ४, वर ३०. आणि छत्री-थेंब. आणि बारीक अक्षरांत ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’. इतके दिवस मी हे वाचलंच नव्हतं.

गोळीबार
दारातले तुमचे आकडे ५.१ ते ११.३, म्हणजे नुसत्या थर्मामीटरच्या हिशोबाने त्या मर्यादेतच होत्या. त्यांचं वैर ओलाव्याशी. थंड डबी बाहेर काढून लगेच उघडली की आत दंव धरतं आणि पट्टीवरचं विकर, म्हणजे एन्झाइम, बिघडतं. मग आकडा कमी-जास्त कुठेही जाऊ शकतो. म्हणजे २३५ मधला किती भाग इन्सुलिनचा आणि किती पट्टीचा, हे आता सांगता येणार नाही. नवीन डबी उघडून एकाच वेळी जुन्या आणि नव्या पट्टीवर मोजलंत तर काही अंदाज येईल. तो आकडा डॉक्टरांनाही सांगा.

टेकडीवरचा
म्हणजे माझं दुसऱ्यांदा चुकलं. एकाच धाग्यात.

मीनाक्षी_ज
मी आत्ता उठून माझ्या गोळ्यांचं पाकीट बघितलं. ‘थंड’ नाही लिहिलेलं, ‘३० अंशांपेक्षा वर ठेवू नका’ लिहिलंय. थंड हे मीच मनाने जोडलं होतं. ट्रेमधून काढल्या.

कवडसा
नवीन डबी आणली, कपाटात ठेवली. उद्या सकाळी दोन्ही पट्ट्यांवर मोजून इथे लिहिते. एकाच थेंबातून दोन्हीला लावायचं की वेगळा थेंब घ्यायचा?

गोळीबार
पहिला थेंब पुसून टाका, मग त्याच बोटाचे लागोपाठ दोन थेंब, प्रत्येक पट्टीला एक. जुनी डबी मात्र उघडण्याआधी तासभर बाहेर ठेवा.